४५ टक्के अपंगत्व म्हणजे ४५ टक्के भरपाई का नाही? अपघाताच्या दाव्यात वैद्यकीय कागदांचा सारांश काय काम करतो

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशभरातल्या रस्ते अपघातांत ४ लाख ४३ हजारांहून अधिक लोक जखमी झाले. दुसऱ्याच्या चुकीमुळे जखमी झालेल्या व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. अशा दाव्याची फाइल बहुतेक वेळा जाडजूड असते. केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रेचे अहवाल, मेडिकलच्या दुकानाच्या पावत्या, अपंगत्वाचा दाखला असे दीडशे-दोनशे कागद सहज जमतात.

पण भरपाईतला सगळ्यात मोठा आकडा एकाच प्रश्नावर ठरतो. या दुखापतीमुळे माणसाची कमाई करण्याची क्षमता किती टक्के कमी झाली? त्याचे उत्तर फाइलमधल्या कुठल्याही एका कागदावर लिहिलेले नसते. ते अनेक कागदांतून जुळवून दाखवावे लागते. वकील किंवा त्यांचे सहायक वैद्यकीय कागदांचा जो चार-पाच पानी सारांश तयार करतात, त्याचे खरे काम हेच असते.

एका दुखापतीच्या तीन टक्केवाऱ्या

गोंधळ सुरू होतो तो अपंगत्वाच्या दाखल्यावरून. दाखल्यावर ‘४५ टक्के’ लिहिले आहे, म्हणजे कमाई ४५ टक्क्यांनी घटली, असे अनेकांना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मधल्या एका निकालात हा समज दूर केला. आजही जखमींच्या दाव्यांत सर्वाधिक आधार याच निकालाचा घेतला जातो.

त्या प्रकरणात अर्जदाराच्या दाखल्यावर डाव्या पायाचे ४५ टक्के अपंगत्व नोंदवलेले होते. न्यायालयाने स्पष्ट केले की एका अवयवाचे ४५ टक्के म्हणजे संपूर्ण शरीराचे ४५ टक्के नव्हे. आणि संपूर्ण शरीराचे जे टक्के निघतील, तेवढीच कमाईची क्षमता गेली असेही नाही. म्हणजे टक्केवाऱ्या तीन आहेत. एक अवयवाची, दुसरी संपूर्ण शरीराची आणि तिसरी कमाईच्या क्षमतेतल्या घटीची. पहिल्या दोन डॉक्टर सांगतात. तिसरी ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाचा असतो.

त्याच निकालात दिलेले उदाहरण फार बोलके आहे. डावा हात कापावा लागला, तर चालक किंवा सुतार यांची कमाईची क्षमता जवळजवळ शंभर टक्के जाऊ शकते. तोच हात सरकारी कार्यालयातल्या कारकुनाने गमावला, तर त्याची नोकरी टिकू शकते. दुखापत तीच, दाखलाही तोच, पण नुकसान वेगळे.

म्हणून न्यायाधिकरणाने तीन गोष्टी तपासाव्यात, असे या निकालाने सांगितले. अर्जदार आता कोणती कामे करू शकतो आणि कोणती नाही? अपघातापूर्वी त्याचा व्यवसाय काय होता, कामाचे स्वरूप काय होते आणि वय काय होते? आणि शेवटी, तो जुने काम करू शकतो का, की त्याला कमी दर्जाच्या कामावर भागवावे लागेल, की तो काहीच करू शकणार नाही? चांगला सारांश याच तीन प्रश्नांच्या क्रमाने लिहिलेला असतो.

पैशांत किती फरक पडतो?

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. सातारा जिल्ह्यातला ३४ वर्षांचा टेम्पोचालक. महिन्याची कमाई १८ हजार रुपये. १२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री मोटारसायकलवरून घरी जाताना ट्रकने धडक दिली आणि उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडून त्वचेबाहेर आले. दोन मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या. वर्षभराने हाड जुळले, पण पाय अडीच सेंटिमीटर आखूड राहिला आणि घोटा नीट वळेनासा झाला. दाखल्यावर उजव्या पायाचे ३८ टक्के कायमचे अपंगत्व नोंदवले गेले.

आता हिशेब. वर्षाची कमाई २ लाख १६ हजार रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार स्वयंरोजगार किंवा ठरावीक पगार असलेल्या आणि वय ४० च्या आत असलेल्या व्यक्तीच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवतात. आकडा होतो ३ लाख २ हजार ४०० रुपये. २००९ च्या निकालात वयानुसार गुणक ठरवून दिले आहेत आणि ३१ ते ३५ या वयोगटासाठी तो १६ आहे. गुणाकार केल्यावर येतात ४८ लाख ३८ हजार ४०० रुपये. या रकमेला कमाईच्या क्षमतेतल्या घटीची टक्केवारी लावली जाते.

न्यायाधिकरणाने घट २० टक्के धरली, तर रक्कम ९ लाख ६७ हजार ६८० रुपये. ६० टक्के धरली, तर २९ लाख ३ हजार ४० रुपये. वय, पगार, गुणक सगळे तेच. एका टक्केवारीमुळे सव्वाएकोणीस लाखांहून अधिक फरक पडला.

इथे ३८ टक्के आपोआप लागू होत नाहीत, कारण ते फक्त पायाचे आहेत. विमा कंपनीचे वकील म्हणणार की संपूर्ण शरीराचा विचार केला तर हा आकडा बराच खाली येतो. अर्जदाराच्या बाजूने म्हणता येईल की हा माणूस चालक आहे आणि ब्रेक व अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायानेच चालतात. दोन्ही मुद्द्यांना कागद लागतात. कोणता कागद कोणत्या मुद्द्याला आधार देतो, हे सारांशातून दिसायला हवे.

सुरुवात तारखांपासून

कामाची पहिली पायरी कंटाळवाणी आहे, पण ती टाळता येत नाही. सगळे कागद तारखेनुसार लावायचे आणि प्रत्येक पानाला क्रमांक द्यायचा. त्यानंतर सारांशातल्या प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक आला पाहिजे. ज्या वाक्याला पान नाही, ते वाक्य सारांशात नको. टेम्पोचालकाच्या दाव्यात हा भाग साधारण असा दिसेल:

- १२ फेब्रुवारी २०२४, रात्री ९.४०: ग्रामीण रुग्णालयात दाखल. उजव्या नडगीचे उघडे फ्रॅक्चर. प्रथमोपचार करून पुढे पाठवले. पान ३.
- १३ फेब्रुवारी: खासगी रुग्णालयात जखम साफ करून पायाला बाहेरून सळ्यांची चौकट बसवली. पान १४.
- २६ फेब्रुवारी: चौकट काढून हाडात रॉड टाकला. पान ३१.
- ५ मार्च: डिस्चार्ज. पायावर भार न देण्याची सूचना. पान ४६.
- १८ जून: एक्स-रे. हाड जुळण्यास उशीर होत असल्याची नोंद. पान ७२.
- २० ऑगस्ट: दुसरी शस्त्रक्रिया. कमरेच्या हाडाचा भाग घेऊन फ्रॅक्चरच्या जागी लावला. पान ८८.
- १४ जानेवारी २०२५: हाड जुळले. पाय २.५ सेंटिमीटर आखूड, घोट्याची हालचाल मर्यादित. पान १२७.

ही सात ओळींची यादी दोन मुद्दे सिद्ध करायला मदत करते. एक, फेब्रुवारी २०२४ ते जानेवारी २०२५ असे ११ महिने हा माणूस काम करू शकत नव्हता. त्या काळातली १ लाख ९८ हजार रुपयांची बुडालेली कमाई हा वेगळा मुद्दा आहे आणि तो भविष्यातल्या नुकसानीत मिसळायचा नसतो. दोन, दुसरी शस्त्रक्रिया पहिल्याच दुखापतीतून उद्भवली, दुसऱ्या कशातून नाही, हे जूनच्या एक्स-रेमुळे दिसते. ती कडी सुटली तर ऑगस्टचा खर्च अपघाताशी कसा जोडायचा, हा प्रश्न उभा राहतो.

इथे शब्द बदलण्याचा मोह टाळावा लागतो. हाड उशिरा जुळणे, वाकडे जुळणे आणि न जुळणे या डॉक्टरांच्या भाषेत तीन वेगळ्या स्थिती आहेत. पहिलीत हाड पुढे जुळू शकते. दुसरीत ते जुळलेले असते, पण चुकीच्या कोनात. तिसरीत आणखी शस्त्रक्रियेची गरज पडू शकते आणि पुढच्या उपचारांच्या खर्चाची मागणी त्यावर उभी राहते. सारांशात सोपे म्हणून ‘हाड नीट जुळले नाही’ असे लिहिले, की तिन्ही अर्थ एकत्र होतात. उलटतपासणीत डॉक्टरांनी वेगळा शब्द उच्चारला, तर संपूर्ण सारांशावरचा विश्वास डळमळतो. म्हणून निदानाचे शब्द कागदावर आहेत तसेच घ्यायचे आणि अर्थ हवा असेल तर पुढच्या वाक्यात वेगळा द्यायचा.

तज्ज्ञांच्या अहवालातून काय घ्यायचे?

अपंगत्वाच्या दाखल्यात टक्केवारी ठळक असते, पण सारांश लिहिणाऱ्याने त्याच्या आजूबाजूच्या ओळी आधी वाचायला हव्यात. तपासणी कोणत्या तारखेला झाली? उपचार पूर्ण झाल्यावर की आधी? तपासणारे डॉक्टर उपचार करणारेच होते, जिल्हा रुग्णालयाचे मंडळ होते, की केवळ दाखल्यापुरते भेटलेले? घोटा किती अंश वळतो, पाय किती आखूड आहे, हे मोजून लिहिले आहे की नुसता निष्कर्ष आहे?

२०१० च्या त्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने तयार दाखल्यांबद्दल सावध केले आहे. उपचार न केलेल्या डॉक्टरांनी सढळ हाताने दिलेले दाखले न्यायाधिकरणांनी बारकाईने तपासावेत, असे त्याचे सांगणे आहे. त्यामुळे मोजमाप नसलेल्या ५० टक्क्यांच्या दाखल्यापेक्षा मोजमाप असलेला ३८ टक्क्यांचा दाखला दाव्याला जास्त उपयोगी पडू शकतो.

टेम्पोचालकाच्या बाबतीत डॉक्टरांचा दाखला अर्धेच काम करतो. घोटा वर उचलण्याची हालचाल मर्यादित आहे, हे तो सांगतो. त्यामुळे पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर चटकन नेता येत नाही, ही कामाशी जोडणारी कडी आहे. ती सारांश लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने जोडली, तर तो केवळ युक्तिवाद ठरतो. तीच गोष्ट डॉक्टरांनी साक्षीत सांगितली, किंवा व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी लागणारा फॉर्म १-ए हा वैद्यकीय दाखला द्यायला डॉक्टरांनी नकार दिल्याचा कागद जोडला, तर तो पुरावा होतो. व्यवसाय सिद्ध करायला परवाना आणि मालकाचे पगाराचे पत्रही लागते. वैद्यकीय सारांशात या कागदांचा उल्लेख नसेल, तर न्यायाधीशांसमोर पाय येतो, पण चालक येत नाही.

कामाशी नीट जोडलेली दुखापत किती फरक करते, याची उदाहरणे निकालांत आहेत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका सुताराच्या दोन्ही हातांना ९० टक्के अपंगत्व आले होते. हातांनी काम करून जगणाऱ्या माणसाच्या बाबतीत न्यायालयाने कमाईची क्षमता पूर्णच गेल्याचे धरले. २०२० मध्ये हात गमावलेल्या एका टंकलेखकाच्या प्रकरणात आधी ४५ टक्के धरलेली घट सर्वोच्च न्यायालयाने ६५ टक्के केली. दोन्हीकडे निर्णायक ठरले ते हातांचे त्या माणसाच्या कामातले स्थान.

न जुळणारे कागद लपवायचे की दाखवायचे?

मोठ्या फाइलमध्ये विसंगती असतेच. टेम्पोचालकाच्या फाइलमध्ये अशा दोन आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर ‘गाडीवरून पडल्याने दुखापत’ असे लिहिले आहे, ट्रकचा उल्लेख नाही. आणि पहिल्या डिस्चार्ज कार्डावर एका ठिकाणी उजव्याऐवजी ‘डावा पाय’ असे पडले आहे.

दुसरी चूक लेखनिकाची आहे आणि ती सहज दाखवता येते. एक्स-रे, शस्त्रक्रियेची नोंद आणि दाखला तिन्हींवर उजवा पाय आहे. सारांशात एक ओळ पुरते: पान ४६ वर डावा, पान ५, १४ आणि १२७ वर उजवा. रुग्णालयाकडून दुरुस्तीचे पत्र घेतले तर आणखी चांगले.

पहिली गोष्ट गंभीर आहे. विमा कंपनी म्हणेल की तो स्वतःच घसरून पडला आणि ट्रकचा नंबर नंतर घातला. गुन्हा तीन दिवसांनी नोंदवला गेला असेल, तर हा संशय आणखी बळावतो. अशा वेळी ती नोंद सारांशातून गाळणे सर्वात वाईट. मूळ केसपेपर विमा कंपनीच्या वकिलांकडेही असतो आणि ते तीच ओळ पहिल्यांदा वाचून दाखवतात. त्याऐवजी नोंद जशी आहे तशी द्यायची आणि ती माहिती कोणी दिली, हे शोधायचे. जखमी बेशुद्ध होता आणि रुग्णवाहिकेसोबत आलेल्या अनोळखी माणसाने ती सांगितली, असे त्याच पानावर लिहिले असेल तर तेही द्यायचे. शेजारी १०८ रुग्णवाहिकेची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा आणि प्रथम खबरीतला मजकूर पान क्रमांकांसह ठेवायचा.

हेच दारूच्या वासाच्या नोंदीला, जुन्या मधुमेहाला किंवा आधीच्या फ्रॅक्चरला लागू आहे. मधुमेहामुळे हाड जुळायला वेळ लागला, असा मुद्दा विमा कंपनी मांडू शकते. त्यावर उत्तर डॉक्टरांनी द्यायचे असते आणि त्यासाठी वकिलाला ती नोंद आधीच ठाऊक असावी लागते.

तीच गोष्ट कागदांतल्या रिकाम्या जागांची. सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळातला एकही कागद नसेल, तर माणूस बरा होऊन कामाला लागला होता, असा तर्क काढला जातो. त्या महिन्यांत गावातल्या फिजिओथेरपिस्टकडे तो जात असेल, तर त्यांचे हजेरीपत्रक मिळवणे हे सारांश लिहिताना निघालेले सर्वात उपयोगी काम ठरते.

बिलांत एकच पैसा दोनदा

बिलांची बेरीज सोपी वाटते, पण चुका इथेच सर्वाधिक होतात. समजा, रुग्णालयाचे अंतिम बिल १ लाख ८५ हजार ४०० रुपयांचे आहे. फाइलमध्ये ५० हजार आणि ७५ हजारांच्या आगाऊ रकमेच्या दोन पावत्याही आहेत. सगळे कागद मिळवले, तर बेरीज ३ लाख १० हजार ४०० होते. पण आगाऊ भरलेली रक्कम अंतिम बिलातच वळती झालेली असते. खरा खर्च १ लाख ८५ हजार ४०० रुपयेच आहे. परत केलेल्या औषधांच्या पावत्या आणि मूळ बिलासोबत लावलेली झेरॉक्स यांतूनही असाच फुगवटा येतो.

अशी एक चूक सापडली, की समोरचा पक्ष उरलेल्या खऱ्या बिलांवरही बोट ठेवतो. म्हणून बिलांच्या तक्त्यात तारीख, रक्कम, पान क्रमांक आणि त्या दिवशीच्या उपचाराची नोंद शेजारीशेजारी हवी. ज्या बिलामागे डॉक्टरांची चिठ्ठी नाही, ते वेगळे दाखवलेले बरे.

सहा महिन्यांची मुदत आणि अपुरा सारांश

मोटार वाहन कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि त्यानुसार दाव्याचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तरीही जखमी व्यक्तीने ती पाळण्यातच शहाणपण आहे.

पण शरीर कायद्याच्या मुदतीनुसार बरे होत नाही. टेम्पोचालकाची सहा महिन्यांची मुदत १२ ऑगस्ट २०२४ च्या सुमारास संपते. त्याची दुसरी शस्त्रक्रिया त्यानंतर आठवड्याने झाली आणि कायमचे अपंगत्व तर २०२५ मध्येच मोजता आले. उपचार सुरू असताना घेतलेला दाखला पुढे टिकणे कठीण असते. त्यामुळे अर्ज मुदतीत करायचा, त्यात उपचार सुरू असल्याचे आणि अपंगत्वाचा दाखला पुढे सादर करणार असल्याचे लिहायचे आणि सारांश प्रत्येक नव्या कागदासोबत पुढे न्यायचा. ऑगस्टमध्ये लिहिलेला सारांश तसाच साक्षीच्या वेळी वापरला, तर या दाव्यातला सर्वात महत्त्वाचा वर्षाचा उत्तरार्ध त्यात नसेलच.

शिवाय सारांश हा स्वतः पुरावा नाही. तो न्यायाधीशांना आणि साक्ष देणाऱ्या डॉक्टरांना योग्य पानापर्यंत नेतो, इतकेच. दाखला देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली नाही, तर उत्तम सारांशातला ३८ टक्क्यांचा आकडाही अधांतरी राहू शकतो.

हे सगळे मूळ कागद हातात असतील तरच शक्य आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात. दावे यापेक्षा जास्त काळ चालू शकतात. म्हणून डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता शस्त्रक्रियेची नोंद, रोजच्या तपासणीचे कागद आणि एक्स-रेच्या प्रती लेखी अर्ज देऊन सुरुवातीलाच घेतलेल्या बऱ्या. पुढे पायाचे किती टक्के आणि कमाईचे किती टक्के हा वाद उभा राहील, तेव्हा उत्तर त्याच पानांमध्ये शोधावे लागेल.